उशाशी तांब्या

"तेराव्याला सगळे रडत होते, तुम्ही मात्र शेवटपर्यंत सलग बोललात. सोबतीच्या माणसावर असं बोलायचं कसं, आवाज न जाता?"

घरी रडून गेलो होतो, म्हणून. दोन रात्री भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं वाचत होतो. मनातल्या मनात वाचलं की काही होत नाही. घसा नेमका कुठं दाटतो हे तोंडानं वाचल्यावरच कळतं, आणि माझा दर वेळी एकाच वाक्यावर दाटायचा: 'रात्री दुकान बंद करून तो फोन करायचा आणि विचारायचा, जेवलास का?'

हे वाक्य आधी परिच्छेदाच्या शेवटी होतं. शेवटी आलं की आपण थांबतो, आणि त्या थांबण्यातच रडू येतं. काढून टाकायचं मन होईना. मग ते मधे घेतलं आणि त्याला लागूनच एक कोरडं वाक्य ठेवलं: 'दुकान आठला बंद व्हायचं, फोन सव्वाआठला यायचा.' आकडा आला की आवाज रुळावर येतो. का, ते मला सांगता येणार नाही, पण येतो.

सुरुवात मात्र मरणापासूनच केली. अचानक गेलेल्या माणसाबद्दल बोलताना ते टाळलं, तर समोरचे 'झालं कसं?' याच विचारात राहतात आणि पुढचं त्यांना ऐकू येत नाही. म्हणून पहिली दोन वाक्यं अशी होती: 'सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो तिथंच गेला. त्याचं वय सेहेचाळीस होतं, माझंही तेवढंच आहे.' त्यापुढं दवाखाना नाही, आदल्या दिवशीचं बोलणं नाही. पहिल्या खर्ड्यात अर्धं पान माझ्याच शुगरवर आणि भीतीवर गेलं होतं, ते फाडलं. मंडपात आमच्या वयाचे पंचवीसेक जण छातीवर हात ठेवून बसले होते. त्यांना ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

'मनमिळाऊ', 'दिलदार' हे शब्दही काढले. आमच्याकडं स्मशानात चिता पेटल्यावर पुढारी हेच शब्द बोलून जातात, कुणाच्याही बाबतीत. त्याऐवजी 2016 च्या उन्हाळ्यातली एक दुपार सांगितली. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं ते वर्ष. हा मोटारी भरायचा, म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवी तांब्याची तार घालायचा. बोअर आटलेले, मोटारी कोरड्या चालून जळायच्या, त्यामुळं धंदा जोरात होता. एक म्हातारे एकच मोटार तिसऱ्यांदा घेऊन आले. यानं ती उघडलीच नाही. म्हणाला, "काका, मोटारीला काही झालं नाही, बोअरला पाणी नाही. पाऊस पडल्यावर आणा." त्यांना चहा पाजला आणि मोटार स्वतःच्या लुनावर बांधून एसटी स्टँडवर सोडली. एवढंच सांगितलं. चांगला होता असं म्हणालो नाही.

आणि बरोबरीच्या माणसाकडं असतं ते सांगितलं, म्हणजे घरच्यांनी न पाहिलेलं पोरवय. 30 सप्टेंबर 1993 ला आम्ही चौदा वर्षांचे होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून उशिरा झोपलेलो, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. आमचं गाव किल्लारीपासून लांब, भिंतींना भेगा पडण्यावर निभावलं. पण पुढं कित्येक रात्री सगळी गल्ली बाहेर झोपायची. हा उशाशी पितळेचा तांब्या काठोकाठ भरून ठेवायचा आणि कंदिलाच्या उजेडात पाण्याकडं बघत पडायचा. पाणी हललं की मला उठवायचा. बहुतेक वेळा त्याचाच पाय लागलेला असायचा.

कागद म्हणाल तर दोन पानं, मोठी अक्षरं, एकाच बाजूला. घड्याळ लावून साडेचार मिनिटं. दुसरी प्रत मेहुण्याच्या हातात होती. मी थांबलो तर त्यानं तिथून पुढं वाचायचं ठरलं होतं. वहिनींना आदल्या दिवशीच वाचून दाखवलं. त्यांनी फक्त शटरच्या वाक्यातलं 'तिथंच' काढायला सांगितलं, ते काढलं. सगळीकडं 'होता' लिहिलेलं असूनही एका ठिकाणी तोंडातून 'आहे' गेलंच. दुरुस्त केलं नाही.

उतरल्यावर त्याच्या थोरल्या पोरानं कागद मागितला. उभ्याउभ्याच तांब्याची गोष्ट परत वाचली आणि म्हणाला, "काका, आमच्या घरी अजून असतो उशाशी. मला वाटायचं, पप्पांना रात्री तहान लागते."