समीक्षेला नकार देताना सुचवलेली तीन नावं

जुलै-ऑगस्टमध्ये रावेर-यावलच्या नव्या केळीबागांत सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग डोकं वर काढतो. आमच्याकडचे शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. पानांवर पिवळे पट्टे दिसतात, पोंगा सडायला लागतो, आणि आमचं सर्वेक्षण नेमकं याच दिवसांत असतं. अशातच एका जर्नलच्या संपादकांची ईमेल आली: मावा किडीतून केळीत होणाऱ्या सीएमव्हीच्या प्रसारावरचा शोधनिबंध, तीन आठवड्यांत समीक्षा हवी.

विषय अगदी माझा, म्हणून मोह झाला. पण नीट समीक्षा म्हणजे निबंध दोनदा वाचणं, आकडेमोड तपासणं, संदर्भ काढून बघणं. शेतातून रात्री परतल्यावर ते होणार नव्हतं. मी त्याच दिवशी नकार कळवायचं ठरवलं. आपण गप्प बसलो की संपादक स्मरणपत्रं पाठवत राहतात आणि तेवढे दिवस लेखकांचे वाया जातात.

माझा पीएचडीचा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, मी वाचून टिपणं काढून देऊ का?" त्याची तळमळ खरी होती, पण निमंत्रणासोबतचा सारांशही गोपनीय असतो. संपादकांच्या परवानगीशिवाय तो कुणाला दाखवता येत नाही.

'डिक्लाइन'वर क्लिक केल्यावर कारण आणि पर्यायी नावं लिहायची चौकट आली. खरा वेळ तिथे गेला. पहिलं नाव सुचलं ते माझ्या गाईड सरांचं. पण आम्ही दोघांनी नुकतंच एकत्र लिहिलंय, त्यामुळे त्यांचं नाव म्हणजे माझंच मत दुसऱ्या तोंडून. ते मी टाळलं. मग निबंधाचे तीन भाग केले: विषाणूची ओळख, मावा, आणि शेतातला प्रसार मोजण्याची सांख्यिकी. प्रत्येक भागासाठी एक नाव शोधलं. त्यांचे अलीकडचे लेख उघडून पाहिले, कारण दहा वर्षांपूर्वी विषय सोडलेला माणूस सुचवून उपयोग नसतो. माव्यासाठी निवडलेल्या बाई नुकत्याच पीएचडी झालेल्या. मोठ्या नावांकडे समीक्षेचे ढीग पडलेले असतात, नवे लोक मन लावून वाचतात, असं माझं मत आहे. ईमेल पत्ते संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घेतले. खोट्या पत्त्यांवरून बनावट समीक्षा आल्याची प्रकरणं घडली आहेत, म्हणून संपादक जीमेल पत्त्याकडे संशयाने बघतात.

चौकटीत लिहिलं:

"निबंध माझ्या विषयातला आहे, पण सप्टेंबरअखेरपर्यंत क्षेत्रकाम असल्याने मुदतीत न्याय देता येणार नाही. खालील तिघांपैकी पहिले आरटी-पीसीआर तपासतील, दुसऱ्या मावा-प्रसारावर काम करतात, तिसरे रोगप्रसाराची सांख्यिकी जाणतात. मी तिघांपैकी कुणाबरोबरही लेखन केलेलं नाही. लेखकांची नावं मला दिसत नाहीत, तेव्हा त्यांच्याशी हितसंबंध आहेत का, हे आपण पाहावं."

त्या तिघांना मी फोन केला नाही. बोलावणं संपादकांकडूनच जायला हवं. संपादकांनी आभार मानून विचारलं, दिवाळीनंतर दुसरं काही पाठवू का? मी होकार कळवला.