दुप्पट, पण कुठल्या लोडला?

"सर, स्लॉट पाडले म्हणून चॅनेल काही मोठं होत नाही. मग स्लॉटेड अलोहाचा थ्रूपुट प्युअरच्या दुप्पट कसा?"

अलोहा म्हणजे एकाच चॅनेलवर अनेकांनी आपापल्या फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, पाठवायची पद्धत. प्युअरमध्ये फ्रेम तयार झाली की लगेच सोडायची, स्लॉटेडमध्ये वेळेचे एका फ्रेमएवढे स्लॉट पाडायचे. वर्गातल्या या प्रश्नावर दोन सूत्रं फळ्यावर लिहून डिफरन्शिएट केली की वर्ग गप्प होतो. पण गप्प झाला म्हणजे समजलं, असं मी आता धरत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

एक फ्रेम पाठवायला लागणारा वेळ म्हणजे एक युनिट धरा. तेवढ्या वेळात सगळे मिळून सरासरी G फ्रेम हवेत सोडतात, पुन्हा पाठवलेल्याही त्यातच आल्या; हा झाला लोड. त्यातल्या सरासरी जितक्या टक्कर न होता पोचतात तो थ्रूपुट, S. प्युअर अलोहात माझी फ्रेम t ला सुटली, तर t−1 नंतर सुटलेली कुठलीही फ्रेम माझ्या डोक्यावर आदळते आणि t+1 च्या आधी सुटलेली शेपटीवर. धोक्याचा काळ दोन युनिटांचा. त्यात दुसरं कोणी न बोलण्याची शक्यता e^(−2G), म्हणून S = G·e^(−2G).

स्लॉट पाडले की फ्रेम फक्त स्लॉटच्या सुरुवातीलाच सुटते. मग माझ्याशी टक्कर कोणाची? आधीच्या एका स्लॉटभरात ज्यांच्याकडे फ्रेम तयार झाली, तेवढ्यांचीच. नंतर तयार झालेले पुढच्या स्लॉटसाठी थांबतात, त्यांच्याकडून माझी शेपटी सुरक्षित. धोक्याचा काळ एक युनिटावर आला, म्हणून S = G·e^(−G). शिवाय प्युअरमध्ये शेवटचा एखादा बिट जरी एकमेकांवर आला तरी दोन्ही फ्रेम जातात आणि जवळजवळ दोन युनिटं फुकट जातात. स्लॉटेडमध्ये टक्कर झालीच तर पूर्ण होते आणि एकच स्लॉट खाते.

आता एका व्हायवाची गोष्ट. जूनचा पाऊस, लॅबमध्ये दिवे येत-जात होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पेडण्याच्या एका मुलीला विचारलं, "स्लॉटिंगने थ्रूपुट किती वाढतो?" ती म्हणाली, "कुठल्या लोडला, सर?" त्यांना हा उद्धटपणा वाटला. "पुस्तकात काय दिलंय? दुप्पट की नाही?"

तिने कागद ओढला. फ्रेमचा चौकोन काढून त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक युनिट रेघा मारून भरलं, आणि खाली G = 0.5 साठी दोन आकडे मांडले. प्युअर: ०.५ × e^(−1), म्हणजे ०.१८४. स्लॉटेड: ०.५ × e^(−0.5), म्हणजे ०.३०३. "इथे १.६५ पट होतं, सर. दुप्पट नाही." त्यांनी त्या आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि गुण कापले. इंटर्नल म्हणून मी शेजारीच होतो. हरकत घेतली. सिलॅबसमध्ये तुलना कमाल थ्रूपुटची आहे, असं उत्तर मिळालं आणि पुढचा रोल नंबर पुकारला गेला. ती मुलगी कागद घडी घालून घेऊन गेली. मला अजून त्रास होतो, कारण तिचा एकही आकडा चुकला नव्हता.

दुप्पट येतं ते त्याच कागदावरून. प्युअरचा सर्वोत्तम बिंदू G = 0.5 वर आहे, स्लॉटेडचा G = 1 वर. दोन्हीकडे फ्रेम वाचण्याची शक्यता तेवढीच, e^(−1), म्हणजे सुमारे ३७ टक्के. स्लॉटेडमध्ये त्या बिंदूवर प्रत्येक फ्रेमचं नशीब काही जास्त उजळत नाही. धोक्याचा काळ निम्मा झाल्यामुळे तेवढ्याच जोखमीत दुप्पट फ्रेम सोडता येतात, म्हणून १८.४ चे ३६.८ टक्के. लोड अगदी कमी, समजा ०.०५ असेल, तर ९० आणि ९५ टक्के फ्रेम वाचतात. फायदा नावापुरता, आणि वर सरासरी अर्धा स्लॉट थांबायचं. सगळ्यांची घड्याळं जुळवायची ती वेगळीच. ती जुळली नाहीत, किंवा फ्रेमची लांबी स्लॉटपेक्षा जास्त झाली, तर हा सगळा हिशोब मोडतो.

नॉर्मन अब्रॅमसन यांनी हवाईच्या बेटांवर १९७१ साली अलोहा सुरू केलं ते स्लॉटशिवाय. स्लॉटची कल्पना लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये मांडली.

वर्गात नवीन होतो तेव्हाचा मी म्हणेल, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना आधी 'दुप्पट' एवढंच सांगावं, लोडची भानगड नंतर. त्यात तथ्य आहे. ३६.८ हा आकडा ज्याला पाठ नाही, त्याला त्याच्या अटी सांगून काय उपयोग? पण मग पेडण्याच्या मुलीसारखा प्रश्न कोणी विचारेल का? मी हल्ली व्हायवात G स्वतःच देतो आणि दोन्ही S काढायला सांगतो. काही सहकाऱ्यांना ते कडक वाटतं, आणि त्यांचं माझं अजून पटलेलं नाही.