रोंपावीच्या काठची नावं

कादंबरीची आठ प्रकरणं झाली तेव्हा माझा राजा होता एल्ड्रान, सेनापती रुद्रकेत आणि नदी झिंबोरा. धाकट्या बहिणीनं वाचलं आणि म्हणाली, "दादा, ही माणसं तीन येगळ्या शिनेमांतनं आल्यागत वाटत्यात."

सगळी नावं खोडली आणि आधी नियम लिहिले. व्यंजनं अकराच: क, त, प, म, न, ल, ळ, र, व, स, य. ख, घ, भ यांच्यासारखा महाप्राण एकही नाही. शब्द ळ नं सुरू होणार नाही. जोडाक्षर नाही, फक्त अनुस्वार चालेल. च मुद्दाम गाळला, कारण 'चारेन' हे नाव बहिणीनं चाकातल्या च नं वाचलं आणि माझ्या मनात 'चार'मधला च होता. लिहिताना दोन्ही सारखेच, मग वाचकानं ओळखायचं कसं?

त्यानंतर नावं थेट न रचता वीसेक छोटे शब्द केले. रोन म्हणजे काळा, पावी नदी, कोती किल्ला, सेली डोंगर. काळी नदी झाली रोंपावी, काळा किल्ला रोंकोती. इथं देवनागरी कामाला आली. प च्या आधी अनुस्वाराचा म् होतो आणि क च्या आधी ङ्, आणि मराठी वाचक ते न सांगता करतो. रोंसेली मात्र फसलं. 'संसार' जसा सौंसार होतो, तसं ते रौंसेली ऐकू यायला लागलं. मग नियम जोडला: न नंतर स आला तर मध्ये उ घालायचा. डोंगर झाला रोनुसेली.

खरी गंमत विभक्तीनं केली. एका गावाचं नाव तोमाळा ठेवलं होतं. आपण कळंब्याला जातो, पन्हाळ्याला जातो, तसं माझं पात्र 'तोमाळ्याला' निघालं आणि जोडाक्षर नको हा नियम पहिल्याच वाक्यात मोडला. तेव्हापासून गावाचं नाव ई नं किंवा व्यंजनानं संपतं. हुपरीला, कागलला म्हणताना मूळ नाव जसंच्या तसं राहतं. गाव झालं तोमाळी.

नियमात बसलेलं प्रत्येक नाव चालतं असंही नाही. नायिकेचं नाव निघालं लेका. नियम एकही मोडला नव्हता, पण कोल्हापुरात "आरं लेका" दिवसातनं पन्नासदा ऐकणाऱ्या माणसाला ती राजकन्या कशी वाटणार? आता ती लेमी आहे. प्रत्येक नाव बहिणीकडून मोठ्यानं वाचून घेतो. माझ्या स्वतःच्या कानाला सगळंच बरोबर वाटतं.

परवा नवं प्रकरण दिलं. त्यात घाटापलीकडचा एक व्यापारी आहे, भोरख. तो कुठला हे अजून कुठंच लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या पानावर ती थांबली. "ह्यो हिकडचा न्हाई न्हवं?"