चाळीस हजार रब आणि आमची चिंगी

आमचा पहिला सोफा घेताना दुकानदाराने कॅटलॉगच्या मागचं लेबल दाखवलं होतं. त्यावर ४०,००० रब लिहिलेलं, म्हणजे कापड किती घासणी सोसतं त्याचा आकडा. "घरासाठी पंचवीस हजार म्हणजे डोक्यावरून पाणी, ताई. हे तर हॉटेलवाले नेतात." कापड शेनिलचं होतं, हाताला मऊ, मातकट रंगाचं. सहा महिन्यांनी चिंगी मांजर घरात आली. पुढच्या तीन महिन्यांत सोफ्याच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात आतला पांढरा धागा दिसू लागला आणि खाली रोज चिमूटभर मातकट लोकर पडायला लागली.

माझी पहिली समजूत साहजिकच अशी झाली की दुकानदाराने फसवलं. तसं नव्हतं. बसायच्या गादीवर, जिथे आम्ही चौघं रोज बसत होतो, ते कापड अजून धडधाकट होतं. रबचा आकडा खोटा नव्हता, तो मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होता.

पुन्हा कापड चढवायचं ठरल्यावर हा आकडा येतो कुठून ते आधी समजून घेतलं. मार्टिंडेल नावाच्या यंत्रात कापडाचा गोल तुकडा ताणून बसवतात आणि ठरावीक वजनाखाली लोकरीच्या कापडावर घासतात. घासण्याची वाट सरळ नसते. आधी रेघ, मग हळूहळू फुगत जाणारा लंबगोल, मग उलट दिशेची रेघ, म्हणजे ताण सगळ्या बाजूंनी येतो. साध्या विणीत दोन धागे तुटले की चाचणी संपते. मखमलीसारख्या केसाळ कापडात केस पूर्ण झिजून गेले की संपते. अमेरिकेकडच्या कापडांवर वायझेनबीक नावाची दुसरी चाचणी असते. तिच्यात कापड पुढे-मागे घासतात आणि आकडा 'डबल रब' म्हणून देतात. या दोन आकड्यांचं एकमेकांत रूपांतर होत नाही. आमच्याकडच्या लेबलांवर मात्र नुसतं 'रब काउंट' लिहितात, कुठली चाचणी ते नाही. घरच्या रोजच्या वापराला मार्टिंडेलचे २०,००० ते ३०,००० पुरे होतात. मुलं उड्या मारणारी असतील तर तीस हजारांच्या पुढे बघावं. एका दुकानात मला एक लाखाचं लेबल दाखवून मीटरमागे दोनशे रुपये जास्त सांगितले. एवढ्या वरच्या आकड्यांत घराला जाणवेल असा फरक उरत नाही, म्हणून मी ते कापड तिथेच ठेवलं.

खरा मुद्दा असा की माणूस बसतो तेव्हा कापड घासलं जातं, पण मांजर ओरबाडतं तेव्हा धागा ओढला जातो. ओढण्याची परीक्षा त्या यंत्रात होतच नाही. ती परीक्षा विणीची असते.

शेनिलचं माझं कापड का हरलं, ते भिंगातून बघितल्यावर कळलं. फ्रेंचमध्ये शेनिल म्हणजे सुरवंट, आणि धागा अगदी तसाच दिसतो. दोन बारीक दोऱ्यांच्या पिळात आखूड तंतू आडवे अडकवलेले, बाटली धुवायच्या ब्रशसारखे. ते तंतू फक्त पिळाने धरलेले असतात. नखाने पीळ जरा सैल केला की ते गळतात. खाली पडणारी लोकर ती हीच.

मग मी आईची क्रोशाची सुई काढली, बारीक टोकाची. वाकडं टोक, आतून घुसून बाहेर ओढणारं, म्हणजे मांजराचं नखच. दुकानातून चार इंची तुकडे मिळतात, पण त्यांवर काही कळत नाही. म्हणून पसंत पडलेल्या तीन कापडांचे पाव-पाव मीटर विकत आणले. दुकानदार हसला. "पाव मीटरचा सोफा का ताई?"

पहिलं कापड जॅकार्ड होतं, दोन रंगांची वेलबुट्टी असलेलं. हातात सर्वांत जाड आणि मजबूत हेच वाटलं होतं. पण नक्षी काढण्यासाठी त्यात बाण्याचे आडवे धागे ताण्याच्या चार-पाच उभ्या धाग्यांवरून मोकळे जातात. सुई त्या मोकळ्या धाग्याखाली लोण्यात गेल्यासारखी गेली आणि ओढल्यावर फुलाच्या पाकळीतून धाग्याचा मोठा फासा बाहेर आला. आजूबाजूचं कापडही चुरगळून ओढलं गेलं. लेबलवर रब ३५,००० होते. बुक्ले म्हणून सध्या जे गोळ्यागोळ्यांचं कापड चालतं, ते तर मी आणलंच नाही. सगळं कापड म्हणजे नखासाठी टांगलेल्या खुंट्या.

दुसरं साध्या विणीचं पॉलिस्टर, एक वर एक खाली, घट्ट. सुईचं टोक धाग्यांमध्ये शिरेना. जोर लावून घुसवल्यावर शिरलं, पण ओढल्यावर एकच धागा थोडा वर आला आणि मागून बोट फिरवल्यावर बराचसा जागेवर बसला. या जातीतही एक मेख आहे. धागा जाड आणि वीण विरळ असेल तर साधी वीणही उपयोगाची नाही. कापड खिडकीसमोर धरून बघायचं. ठिकठिकाणी उजेडाचे ठिपके दिसले की ते परत करायचं.

तिसरी आखूड केसांची पॉलिस्टर मखमल. मी हिला मोजतच नव्हते, कारण मखमल म्हणजे नाजूक हे डोक्यात बसलेलं. पण सुईला पकडायला काही सापडेना. मखमलीत केस कापलेले असतात, फासा राहत नाही. सुई केसांतून घसरून खालच्या विणीपर्यंत पोचली आणि तिथेही वीण घट्ट असल्याने अडकली नाही. दोन-तीन केस निघाले, एवढंच. मात्र सगळ्या मखमली अशा नसतात. कापड बोटावर उलटं दुमडून बघायचं. दुमडीत केसांमधून खालची वीण उघडी पडली तर केस विरळ आहेत. केस कुठे बांधलेत तेही पाहावं. चांगल्या मखमलीत प्रत्येक गुच्छ बाण्याच्या तीन धाग्यांत गुंतवलेला असतो, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखा. स्वस्तात तो एकाच धाग्याखालून व्हीसारखा जातो आणि नखाने ओढल्यावर सहज सुटतो. डोळ्यांना हे दिसायला कठीण, म्हणून मी कडेच्या केसांना चिमट्याने ओढलं. एका दुकानातल्या मखमलीचे केस भराभर हातात आले, आमच्या तुकड्याचे नाही. बाजारात स्वेटरसारख्या विणीच्या पाठीची, ताणणारी मखमलही मिळते. ती गादीवर काही महिन्यांत सैल पडून वळ्या पडतात, म्हणून दोन्ही दिशांना ताणून बघावी.

मुलांची परीक्षा वेगळी घेतली. तिन्ही तुकड्यांवर हळद घातलेलं वरण, तूप आणि धाकटीचा निळा स्केचपेन. वरण दहा मिनिटं ठेवून कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाच्या दोन थेंबांनी टिपलं. पॉलिस्टर पाणी शोषत नाही म्हणून वरण तिन्हींतून निघालं, हळदीची फिकट छटा जॅकार्डवर उरली, कारण त्यात सूत मिसळलेलं होतं. तुपाचा डाग मात्र पॉलिस्टरला चिकटून बसला. तेल त्याला सोडत नाही, लगेच टिश्यूने टिपलं तरच वाचतं. स्केचपेन स्पिरिटने गेला. कुठल्याही कापडावर स्पिरिट घालण्याआधी आतल्या बाजूला एक थेंब टाकून रंग उतरतो का ते बघा. आमच्या राखाडी मखमलीचा उतरला नाही.

शिवणीची परीक्षा कारागीर चाचांनी शिकवली. तुकडा मधून कापायचा, एक सेंटिमीटर सोडून मशीनवर जोडायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी शिवणीपासून ताणायचं. जॅकार्डचे धागे शिवणीपाशी सरकले आणि दोऱ्याशेजारी फट पडली. "कपड़ा नहीं फटता, सिलाई के पास से भागता है, भाभीजी," चाचा म्हणाले. मुलं हातावर बसतात तिथे सोफे आधी असेच उघडतात, रब कितीही असले तरी.

शेवटी मखमल पसंत केली आणि दुकानदाराकडे तिचा चाचणी अहवाल मागितला. पहिल्या दुकानात खांदे उडवले गेले. दुसऱ्याने दोन दिवसांनी फोनवर एक पान पाठवलं. मार्टिंडेल, ४५,०००, केस झिजलेले नाहीत. गोळे येण्याची चाचणीही होती, पाचपैकी चार. ती मला जास्त महत्त्वाची वाटली. गोळे आलेलं कापड न फाटताही जुनाट दिसतं, आणि रबच्या आकड्यातून ते कळत नाही.

पन्हा चोपन्न इंची होता. चाचांनी तीन सीटर आणि दोन खुर्च्यांना सोळा मीटर सांगितलं. कापड आडवं वापरलं तर दीड मीटर वाचेल असंही म्हणाले. इथे मी हट्टाने अडले. मखमलीच्या केसांना दिशा असते. हात वरून खाली फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की रखरखीत, आणि दिशा बदलली की रंगही गडद-फिका दिसतो. गादीचा केस पुढच्या बाजूला आणि पाठीचा खालच्या बाजूला, सगळीकडे एकच दिशा धरायची म्हणून दीड मीटर जास्तच घेतलं. चाचांनी प्रत्येक तुकड्याच्या मागे खडूने बाण काढले.

सुमारे दीड वर्ष झालंय. चिंगी पहिल्या आठवड्यात दोनदा सोफ्याच्या पाठीवर चढून बघायला गेली आणि मग काथ्या गुंडाळलेल्या खांबाकडे वळली. तो खांब सोफ्याच्या त्याच कोपऱ्यापाशी ठेवलाय, जिथे ती पूर्वी ओरबाडायची. मखमल तिच्या नखांना सोपी नाही, पण अजिबात भेदता येत नाही असंही नाही. तिने दचकून उडी मारली तेव्हा सोफ्याच्या उजव्या हातावर टाचणीएवढी दोन भोकं पडली. शिवाय पांढरे केस या कापडाला चिकटतात, रोज रबरी हातमोजा ओला करून फिरवावा लागतो. आणि बसण्याचे ठसे दिसतात, वाफेची इस्त्री वरून धरली की उठतात.

माझी एक चूक मात्र राहिली. कडेची पायपिंग मी त्याच कापडाची हौसेने करून घेतली. चाचा म्हणाले होते, "मत करवाओ." उभट, दोरीसारखी कड, नख लावायला एकदम सोयीची. पुढच्या खालच्या कडेवर आता दोन ठिकाणी आतली दोरी दिसतेय. चाचांना दिवाळीनंतर बोलावलंय. उरलेलं पाऊण मीटर त्यासाठी कपाटात गुंडाळून ठेवलंय, आणि त्यावर या वेळी फक्त साधी शिवण मारायची आहे.