टचलाइनची वही, नोंद १४ : कोचच्या हातातला चेंडू

आज खरं तर खेळाडू बदलताना दाखवायच्या नंबरच्या बोर्डाबद्दल लिहायचं होतं. पण रविवारी माझ्याकडून एक चूक झाली, ती रात्री घरी आल्यावर कळली आणि झोप गेली. त्यामुळे बोर्ड मागे, चूक पुढे.

कोल्हापुरातला तालमींच्या संघांचा फुटबॉल सामना, मी फोर्थ, म्हणजे टचलाइनवर उभा राहून रेफ्रींना मदत करणारा चौथा पंच. ७८वं मिनिट, १-१. लाल संघाच्या डगआउटसमोर चेंडू बाहेर गेला, थ्रो निळ्यांचा. चेंडू घरंगळत लाल संघाच्या सहायक कोचपाशी आला. त्यांनी तो उचलला. निळ्यांचा विंगबॅक हात पुढे करून उभा, आणि यांनी चेंडू पाठीमागे लपवला. लहान पोराला चॉकलेटसाठी खेळवतात तसं. तोवर लाल संघाची बचावफळी जागेवर आली. मग चेंडू विंगबॅकच्या हातात न देता त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकला. स्टँडमधून शिट्ट्या सुरू.

रेफ्री सरांनी धावत येऊन विचारलं, "कोण? काय केलं?"

मी म्हणालो, "सर, सहायक कोच. थ्रो लांबवला. यलो."

सरांनी यलो दाखवलं, थ्रो झाला, खेळ पुढे गेला. मी मनात स्वतःची पाठ थोपटली. माणूस ओळखला, कृती सांगितली, शिफारस केली, सगळं दहा सेकंदांत. नोंद ११ मध्ये याच तीन गोष्टींवर मी अडखळलो होतो.

रात्री फुटबॉलच्या नियमावलीतला नियम १२ उघडला, आणि संघाच्या अधिकाऱ्यांच्या भागात 'खेळ सुरू करण्यात दिरंगाई' दोनदा दिसली. स्वतःच्या संघाचा थ्रो किंवा फ्री किक लांबवली तर यलो. समोरच्या संघाचा खेळ सुरू होऊ दिला नाही, म्हणजे चेंडू धरून ठेवला, लाथाडला किंवा खेळाडूला अडवलं, तर थेट रेड. माझी फसगत इथे झाली. खेळाडूने दिरंगाई केली तर दोन्ही वेळी यलोच असतं, आणि डोक्यात तोच हिशोब बसलेला. कोचसाठी मोजमाप वेगळं, कारण तो खेळात नाहीच. त्याने समोरच्याच्या चेंडूला हात घालणं म्हणजे बाहेरच्या माणसाने सामन्यात हात घालणं.

म्हणजे रविवारी रेड हवं होतं. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय फिरवता येत नाही, त्यामुळे यलो कायम राहिलं. मी अहवालात घडलं ते जसंच्या तसं लिहिलं, 'चेंडू पाठीमागे लपवला' या शब्दांसकट. कार्ड चुकलं म्हणून वर्णन कार्डाला शोभेल असं मवाळ करायचं नाही, एवढं तरी पाळलं.

लाज अशी की याचं उदाहरण आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. २१ जून २०२३, बंगळुरू, सॅफ स्पर्धा, भारत-पाकिस्तान. मध्यंतराच्या तोंडावर पाकिस्तानचा खेळाडू थ्रो घेत होता आणि आपले तेव्हाचे कोच इगोर स्टिमाच यांनी त्याच्या हातातला चेंडू उडवला. थेट रेड. तेव्हा मी घरात ओरडत होतो की एवढ्यासाठी कुठे रेड असतं का! असतं. कोच गेला तरी मैदानातले अकरा अकराच राहतात. भारत तो सामना ४-० जिंकला. पुढे कुवेतविरुद्ध स्टिमाच यांना दोन यलो मिळून पुन्हा रेड मिळालं, आणि उपांत्य व अंतिम सामन्याला डगआउट सांभाळायला उभे राहिले ते आपल्या गोव्याचे महेश गवळी.

आता खरी अडचण. चेंडू हातात आला की प्रत्येक वेळी रेड द्यायचं का? नाही. चेंडू उचलून लगेच समोरच्याला दिला तर तो गुन्हाच नाही. मी तीन गोष्टी बघायच्या ठरवल्यात : थ्रो घ्यायला खेळाडू आलाय का, त्याने चेंडू मागितलाय का, आणि कोचचा हात त्याच्याकडे जातोय की त्याच्यापासून दूर. सेकंद मोजून हाती काही लागत नाही. रविवारी तिन्हींची उत्तरं स्पष्ट होती; फक्त मी हाताकडे न बघता चेहऱ्याकडे बघत होतो, आणि चेहरा हसरा होता.

याच्या उलटही एक प्रसंग असतो, तो यात मिसळू नका. चेंडू बाहेर चाललाय, रेषा पूर्ण ओलांडायच्या आत कोचने उत्साहात पायाने अडवला. २०२५-२६ च्या बदलानुसार, खेळात अडथळा आणायचा हेतू नसेल तर फक्त इनडायरेक्ट फ्री किक, कार्ड नाही. मला हा बदल पटला. काका लोक सवयीने पाय पुढे करतात, त्यात लबाडी नसते.

छोटा विजय : टेक्निकल एरिया, म्हणजे डगआउटसमोर कोचने उभं राहायची चौकट, या वेळी बरोबर आखला. आयोजकांनी फक्कीची रेघ थेट टचलाइनला भिडवली होती. मी टेप काढला. बाकांच्या दोन्ही कडांपासून एकेक मीटर बाहेर, आणि पुढे टचलाइनच्या एक मीटर अलीकडे थांबायचं. जुनी रेघ झाडूने पुसून नवी मारली. ग्राउंडवाले मामा म्हणाले, "एका मीटरनं काय फरक पडतोय, साहेब?" पहिल्या हाफमध्येच पडला. लाइन्समन पळताना कोचला धडकला नाही, आणि मला "मागे व्हा" म्हणताना बोट दाखवायला रेघ होती. एकदा-दोनदा चुकून बाहेर आला तर समज, सारखाच येत राहिला तर यलो. पण रेघच नसेल तर 'बाहेर' कुठून मोजणार?

पुढचा बेत असा होता की कोचची समज, यलो, रेड अशा तीन रकान्यांचं कार्ड लॅमिनेट करून खिशात ठेवायचं. हे लिहिता लिहिता वाटतंय, कार्ड वाचायला वेळ कुठे असतो? त्यापेक्षा जादा चेंडूंवर देखरेख फोर्थचीच असते, तर चेंडूची जागाच का बदलू नये? रेफ्रींना आधी विचारून दोन्ही डगआउटच्या दोन्ही बाजूंना एकेक चेंडू शंकूवर ठेवायचा. मग कोचने एक धरला तरी थ्रो घेणारा दुसरा उचलेल आणि लपवण्यात राम उरणार नाही. कोच त्या शंकूकडेच चालत गेला तर मात्र हात कुठे जातोय हे बघायचीही गरज नाही.

आणि सरांशी सामन्याआधी शब्द ठरवायचे. नुसतं "थ्रो लांबवला" नाही. "स्वतःचा लांबवला" किंवा "समोरच्याचा अडवला". रविवारी हा एक शब्द जास्त बोललो असतो तर सरांनी स्वतःच रेड काढलं असतं. निर्णय त्यांचाच असतो, आपण फक्त डोळे उसने देतो, आणि मी अर्धाच डोळा दिला.

बोर्डाचं थोडक्यात : बाजारातून आणलेल्या पलटायच्या बोर्डाच्या कड्या पहिल्याच पावसात गंजल्या, ८ चा ३ दिसतो. इलेक्ट्रॉनिक घेणार होतो, पण ते पैसे आता चार चेंडू आणि शंकूंकडे जातील. बोर्डाला ऑइल पेंट मारतो. पुढच्या रविवारी दोन सामने आहेत, पहिल्यात मीच फोर्थ, आणि डगआउटमध्ये तेच सहायक कोच.