दोन बाय दोनचा घाट: स्टुडिओ ते अमेरिकेचा व्हिसा फॉर्म

'सगळ्या व्हिसांना हाच फोटो चालतो' असं सांगून स्टुडिओवाला आठ प्रती हातात ठेवतो, आणि खरी वाट तिथेच चुकते. त्या प्रती ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या असतात. अमेरिकेला ५१ बाय ५१ चा, म्हणजे दोन बाय दोन इंचाचा चौकोन लागतो.

'मग हाच कापून देतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. त्या उभ्या फोटोत चेहरा ३२ ते ३६ मिमी उंच असतो. अमेरिकेच्या नियमात केसांच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं डोकं फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्केच हवं. ३५ मिमी रुंदीतून जास्तीत जास्त ३५ चाच चौकोन निघतो, त्यात ३२ चं डोकं म्हणजे ९० टक्क्यांच्या वर. मग फोटो आडवा ताणतात किंवा बाजूला पांढरा रंग भरतात. दोन्ही नापास, आणि वर 'व्हिसा फोटो'चे जादा पैसे. फोटो नव्याने काढायला लावा, डोक्याभोवती भरपूर मोकळी जागा ठेवून.

कापायचं गणित सोपं आहे. मूळ फोटोत डोकं १२०० पिक्सेल भरलं, तर ते ६० टक्के येण्यासाठी २००० चा चौकोन घ्या. डोळे तळापासून ५६ ते ६९ टक्क्यांत हवेत, म्हणजे १२४० वर आले की झालं. मग तो चौकोन ६०० बाय ६०० करा. फाइल जेपीईजी, २४० केबीच्या आत. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा. जुन्या व्हिसावरचा पुन्हा लावू नका.

चष्मा काढायचाच. नोव्हेंबर २०१६ पासून काचेवर चमक नसली तरी चालत नाही. डॉक्टरांच्या सहीचं पत्र असलेला वैद्यकीय अपवाद सोडला, तर वाद घालण्यात अर्थ नाही. नाकावरचे वळ जायला मात्र वेळ लागतो, म्हणून अर्धा तास आधीच काढून ठेवा.

पार्श्वभूमी पांढरी किंवा मळकट पांढरी. भिंतीला टेकून उभं राहिलं की कानामागे सावली पडते. तीन-चार फूट पुढे या. पांढरा कुर्ता घातला तर खांदे भिंतीत विरघळतात. सेल्फी नकोच, जवळून नाक फुगतं.

डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जात फोटो चढवल्यावर तपासणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, अंतिम निर्णय माणूस घेतो. फोटोची छापील प्रत सोबत ठेवा. ऐनवेळी व्हिसा केंद्राबाहेर फोटो काढायची वेळ आली, तर समोरचा सांगेल तो भाव.

भारतीय पासपोर्टचं त्या मानाने काहीच नाही. मोठ्यांचा फोटो सेवा केंद्रातच काढतात. चार वर्षांखालच्या मुलाचा तेवढा पांढऱ्या पार्श्वभूमीचा, साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटरचा न्यायचा.