भाड्याच्या घरात आरओ: परवानगीच्या पत्रापासून भोकं बुजवेपर्यंत

वाकडमधल्या आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या साध्या टीडीएस मीटरने आठवडाभर रोज सकाळी मोजलं. नुसतं नळाचं पाणी असेल तेव्हा आकडा 90 च्या आसपास यायचा, टँकर आला की 600 च्या वर जायचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) 500 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. यूव्हीवाल्या यंत्राने जंतू मरतात, क्षार कमी होत नाहीत, म्हणून आरओच लागणार होता. ओटा लहान असल्यामुळे तो भिंतीवर टांगावा लागणार, म्हणजे टाइल्सला भोकं पडणार आणि सिंकच्या नळाला जोड द्यावा लागणार. या दोन्ही गोष्टी घरमालकाच्या.

यंत्र विकत घ्यायच्या आधी परवानगी मागितली. एकदाचं बसवणं बहुतेक कंपन्या यंत्राच्या किमतीत देतात; नंतर काढून दुसरीकडे बसवायचे वेगळे पैसे पडतात. परवानगी अडली आणि यंत्र घरात येऊन पडलं तर आपण घाईत कुठल्याही अटी मान्य करून बसतो.

आमच्या लिव्ह अँड लायसन्स करारात नेहमीचंच कलम होतं: लेखी परवानगीशिवाय जागेत कायमस्वरूपी बदल करायचा नाही. इथला 'कायमस्वरूपी' हा शब्द नुसता भरतीचा नाही. 1882 च्या इंडियन इझमेंट्स ॲक्टच्या कलम 60 नुसार, परवानगीने जागा वापरणाऱ्याने त्या परवानगीच्या भरवशावर खर्च करून कायम स्वरूपाचं काम केलं, तर ती परवानगी नंतर काढून घेता येत नाही. तशी पाळी आरओवरून कुणी आणणार नाही. पण घरमालकाचा वकील 'बसवा हो, काही हरकत नाही' असं तोंडी म्हणू देत नाही, त्यामागे हे कलम असतं. म्हणून पत्रात पहिल्यांदा हेच लिहिलं की काम काढून नेण्याजोगं आहे.

दुसरी एक गोष्ट. मला सेफ्टी डोअरसुद्धा हवं होतं आणि पहिल्या मसुद्यात दोन्ही मागण्या एकत्र होत्या. त्या वेगळ्या केल्या. जाळीचा दरवाजा बाहेरच्या पॅसेजमध्ये उघडतो, तिथे सोसायटीचं म्हणणं येतं. आरओ पूर्ण घराच्या आत. एका पत्रात दोन्ही घातलं की सोपी मागणी अवघड मागणीबरोबर अडकून पडते.

पत्राचा मुख्य भाग असा होता:

'आदरणीय काका, स्वयंपाकघरात भिंतीवर टांगायचा आरओ माझ्या खर्चाने बसवण्याची लेखी परवानगी हवी आहे. हे काम कायमस्वरूपी नाही आणि यंत्रावर मालकी माझीच राहील. भिंतीत चार भोकं पडतील, चारही टाइल्सच्या सांध्यात. जागा सोबतच्या फोटोत खुणा करून दाखवली आहे. पाण्याचा जोड सिंकच्या नळाच्या मागे व्हॉल्व्ह घालून घेतला जाईल, नवी पाइपलाइन काढणार नाही. विजेसाठी आहे तेच सॉकेट वापरीन. या जोडातून गळती होऊन आपल्या किंवा खालच्या घराचं नुकसान झाल्यास दुरुस्ती मी करून देईन. घर सोडण्याच्या किमान तीन दिवस आधी यंत्र काढून नळ पूर्ववत बसवीन आणि भोकं बुजवून आपल्याला दाखवीन. काम समाधानकारक नसल्यास प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च, कमाल 3,000 रुपये, डिपॉझिटमधून वळता करावा.'

यातली शेवटची दोन वाक्यं महत्त्वाची. 'घर पूर्ववत करून देईन' एवढंच लिहिलं तर पूर्ववत म्हणजे काय यावर निघताना वाद होतो, आणि तेव्हा डिपॉझिट मालकाच्या हातात असतं. रकमेला वरची मर्यादा घातली की मालकालाही आकडा दिसतो आणि चार भोकांपायी अख्खी भिंत नवी करायचा हिशेब पुढे येत नाही. तीन दिवस का, तर बुजवलेला सांधा वाळायला आणि नळाची गळती तपासायला तेवढे लागतात.

काकांचा फोन आला तो भोकांबद्दल नव्हताच. 'नळाच्या मागे हात घालू नका हो, मागे एकदा खालच्यांचं छत रंगवून द्यावं लागलं होतं,' म्हणाले. भीती रास्त होती. नळ ज्यात फिरवून बसवलेला असतो तो एल्बो भिंतीच्या आत असतो. पाइप सीपीव्हीसीचा, आटे पितळेचे. जोर जास्त लावला तर तडा आत जातो, बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही आणि महिन्याभराने खालच्या घरात ओल उतरते. मग पत्रात एक ओळ वाढवली: नळ काकांचा नेहमीचा प्लंबर उघडेल, मजुरी मी देईन. आरओ बसवायला येणारा माणूस फक्त त्यापुढचं काम करील. त्याच दिवशी होकार आला. पत्राच्या दोन प्रती केल्या, दोघांच्या सह्या घेतल्या, एक त्यांच्याकडे ठेवली. सोबत तारखेचे पाच फोटो: रिकामी भिंत, नळ, सिंकखालचा भाग, सॉकेट आणि आधीपासूनच तडकलेली एक टाइल. तो पाचवा फोटो काढायला विसरू नका.

आता भोकं. यंत्राच्या पाठीवर टांगायच्या दोन खाचा असतात आणि त्यांच्यातलं अंतर कंपनीने ठरवलेलं असतं, त्यामुळे थेट भिंतीवर टांगलं तर भोक टाइलच्या मधोमध येतं. टाइलच्या मधलं भोक दिसणार नाही असं बुजवता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे मध्ये एक फळी घालायची. आमच्या टाइल्स 12 बाय 18 इंचांच्या, उभ्या लावलेल्या. चार टाइल्स जिथे मिळतात त्या फुल्या आडव्या 12 आणि उभ्या 18 इंचांवर येतात. म्हणून 18 मिलिमीटर जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायची 15 बाय 21 इंचांची फळी कापून घेतली, कडेपासून दीड इंच सोडून चार भोकं मारली, ती बरोबर चार फुल्यांवर बसली. फळीला पांढरा लॅमिनेट आणि कडांना पट्टी. उघडी कड राहिली तर प्लाय पाणी पिऊन फुगतो. यंत्र फळीवर कुठेही स्क्रू करता येतं, भिंतीला त्याचा पत्ता नसतो.

सांधा 3 मिलिमीटरचा आणि गट्टीचं भोक 6 मिलिमीटरचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टाइल्सची कड दीडेक मिलिमीटर खाल्ली जाते. त्यामुळे सुरुवातीला ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, सावकाश, मास्किंग टेप लावून बिट फिरवायची. टाइलची जाडी पार झाली की मगच हॅमर. घाई केली की कोपऱ्याचा टवका उडतो, आणि तो बुजवता येत नाही. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ रेषेत भोक मारायचं नाही, आतले पाइप आणि वायरी बहुधा त्याच रेषेत असतात. भोकातून येणारी धूळ बघावी. लाल असेल तर विटेची भिंत, साधी गट्टी पुरते. पांढुरकी, मऊ, पिठासारखी असेल तर हलक्या ब्लॉकची भिंत. तिथे साधी गट्टी काही महिन्यांत सैल होते, लांब आणि ब्लॉकसाठीची वेगळी घ्यावी. करडी आणि ड्रिल पुढे सरकतच नसेल तर काँक्रीट, नव्या टॉवरमध्ये हे हमखास. आमची वीट होती. तीन इंची स्क्रू वापरले, कारण फळी, टाइल आणि खालचं सिमेंट यातच दीड इंच जातो.

पाण्याचा जोड अर्ध्या तासात झाला. प्लंबरने नळ काढला, थोडं पाणी आरओकडे वळवणारा पितळी डायव्हर्टर घातला आणि त्यावर नळ परत चढवला. यंत्रासोबत प्लास्टिकचा व्हॉल्व्ह आला होता, तो लावू दिला नाही; त्याचे आटे कसताना चिरतात. पाव इंची पांढरी नळी भिंतीवर चिकटणाऱ्या क्लिपांनी नेली, खिळे नकोत. टाकाऊ पाण्याची नळी सिंकच्या ड्रेन पाइपला भोक पाडून जोडायची पद्धत आहे, ती टाळून नळी सरळ बादलीत सोडली. एक लिटर गाळलेल्या पाण्यामागे सुमारे तीन लिटर बाहेर पडतं, ते लादी पुसायला चालतं. रात्री डायव्हर्टरच्या खाली, भिंतीला टेकवून टिश्यू पेपरची घडी ठेवली. सकाळी ती कोरडी होती. बोटाला न जाणवणारी ओल टिश्यूवर डाग पाडते.

निघायची वेळ आली तेव्हा याच क्रमाने उलटं केलं. आधी इमारतीच्या टाकीकडून आपल्या घरात येणारा व्हॉल्व्ह बंद, मग नळ आणि डायव्हर्टर काढणं. एल्बोच्या आट्यांत अडकलेली जुनी टेफ्लॉन टेप खरवडून काढली, नवी टेप आट्यांच्या दिशेने दहा-बारा वेढे घेऊन नळ बसवला. डायव्हर्टरमुळे नळ इंचभर पुढे आलेला होता, तो मागे गेल्यावर भिंतीवरची गोल तबकडी परत घट्ट बसली. पुन्हा रात्रभर टिश्यू.

गट्टी ओढून काढायला स्क्रू तिच्यात दोन-तीन आटे फिरवायचा आणि पक्कडीने सरळ खेचायचा. चारातल्या तीन निघाल्या. चौथी आतच राहिली, ती ब्लेडने कापून थोडी आत ठोकली. भोकातली धूळ फुंकून, किंचित ओलं करून टाइल ग्राउट भरलं. नुसतं पांढरं सिमेंट वाळताना आकसतं आणि कडेने फट पडते. ग्राउटही एका दमात भरायचं नाही. आधी आतपर्यंत दाबून, दुसऱ्या दिवशी वरचा हात, जुन्या कार्डाच्या कडेने सांध्याच्या पातळीला ओढलेला.

रंगात पहिल्यांदा फसलो. स्वयंपाकघरातले जुने सांधे तेलकट धुराने पिवळसर झालेले असतात, त्यात पांढरं ग्राउट दुरून दिसतं. आयव्हरी मिसळलं, पण ओलं असताना जुळलेला रंग वाळल्यावर फिका पडला. मग तीन प्रमाणांचे ठिपके पुठ्ठ्यावर लावून, पूर्ण वाळवून, भिंतीला धरून बघितले. तीन भाग पांढरं आणि एक भाग आयव्हरी जमलं. त्या चार फुल्या आता इतर फुल्यांपेक्षा जरा जाड आहेत. काकांनी हात फिरवून बघितलं, एक सापडली, बाकीच्या मला दाखवाव्या लागल्या. नळाखाली मात्र ते बराच वेळ वाकून बघत होते.